आयटी सपोर्टच्या सर्व्हिस लेव्हल अटी: टिळक रोड आणि चिंचवड ऑफिस, १ एप्रिल २०२६ पासून

या अटी आमच्यात (कोथरूडचं आमचं सपोर्ट युनिट, चार इंजिनिअर) आणि तुमच्यात (तुमची सीए फर्म, टिळक रोडचं मेन ऑफिस आणि चिंचवडची ब्रांच) आहेत. मुदत १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७. महिन्याची फी २४,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४,३२०, एकूण २८,३२०. खालचा सगळा दंड २४,००० वर मोजायचा, जीएसटीवर नाही.

भाषा मुद्दाम साधी ठेवलीय, कारण हा कागद तुमच्या रिसेप्शनवरच्या ताईंनापण वाचता आला पाहिजे. सर्व्हर बंद पडल्यावर पहिला फोन त्याच करतात आणि आमच्याकडून किती वेळात काय अपेक्षित आहे हे त्यांना माहीत असलं पाहिजे.

काय काय कव्हर आहे

दोन्ही ऑफिसमधले मिळून २४ पीसी आणि लॅपटॉप, टिळक रोडचा टॅली सर्व्हर, बॅकअपचा नॅस बॉक्स, फायरवॉल, दोन्हीकडचे स्विच आणि वायफाय, तीन प्रिंटर, ऑफिसचे ईमेल अकाउंट. प्रिंटरचं ड्रायव्हर-नेटवर्क आमचं, पण ड्रम, टोनर, रोलर वगैरे तुमच्या प्रिंटरवाल्याकडे. स्टाफचे स्वतःचे मोबाईल आणि घरचे लॅपटॉप यात नाहीत. सहा मशीनवर अजून विंडोज १० आहे आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा नॉर्मल सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला, त्यामुळे ही सहा मशीन आम्ही चालू ठेवू पण त्यांच्यावर दंड लागू नाही, आणि ३० जूनच्या आत ती बदला किंवा अपग्रेड करा अशी आमची कळकळीची विनंती आहे, क्लायंटचा पॅन-आधारचा डेटा अशा मशीनवर राहू देणं बरोबर नाही.

वेळ

सोमवार ते शनिवार सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा. तुमच्या कामाला मात्र वर्षभर एकच वेळ चालत नाही हे आम्हाला माहितीये, म्हणून "डेडलाइनचे दिवस" वेगळे धरलेत: दर महिन्याची ५ ते ७ तारीख (टीडीएस भरणा), ९ ते ११ (जीएसटीआर-१), १८ ते २० (जीएसटीआर-३बी), तिमाही रिटर्नच्या महिन्यात २२ पर्यंत, आणि जुलै व सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, रिटर्न आणि टॅक्स ऑडिटसाठी. या दिवसांत सपोर्ट रात्री दहापर्यंत, रविवारीसुद्धा, एक्स्ट्रा चार्ज नाही. सरकारने तारीख पुढे ढकलली तर नव्या तारखेच्या आधीचे तीन दिवस डेडलाइनचे धरायचे, तुम्ही फक्त ग्रुपवर एक मेसेज टाका.

तक्रार कशी नोंदवायची

सपोर्ट नंबरवर फोन किंवा सपोर्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज. इंजिनिअरच्या पर्सनल नंबरवर टाकलेला मेसेज तक्रार धरला जाणार नाही, तो मुलगा सुट्टीवर असेल तर तुमचं काम अडकेल आणि दोष कोणाचा यावर वाद होईल. फोन लागला तो क्षण किंवा ग्रुपवर मेसेज पडला तो क्षण, तिथून घड्याळ सुरू. तिकीट नंबर आम्ही देऊ, पण नंबर द्यायला उशीर केला म्हणून घड्याळ उशिरा सुरू होणार नाही.

किती वेळात काय

पहिली पातळी, काम ठप्प: टॅली सर्व्हर बंद, पूर्ण ऑफिसचं नेटवर्क बंद, ईमेल सगळ्यांचा बंद, व्हायरस किंवा रॅन्समवेअरचा संशय. माणसाने फोनवर बोलायचं १५ मिनिटांत, रिमोटवर काम सुरू ३० मिनिटांत, गरज पडली तर टिळक रोडला दीड तासात आणि चिंचवडला अडीच तासात माणूस हजर, आणि ४ तासांत तुमचं काम परत चालू, तात्पुरत्या सोयीवर का होईना (उदा. स्टँडबाय मशीनवर कालच्या बॅकअपची टॅली). कायमची दुरुस्ती पुढच्या २ कामाच्या दिवसांत.

दुसरी पातळी, एकाच माणसाचं किंवा एकाच टेबलाचं काम अडलंय: उत्तर १ तासात, काम चालू ८ कामाच्या तासांत. डिजिटल सिग्नेचरचा टोकन ओळखला जात नाहीये ही तक्रार एरवी दुसऱ्या पातळीची, पण डेडलाइनच्या दिवशी ती पहिल्या पातळीची धरायची, कारण तेव्हा एका टोकनमागे सगळं फाइलिंग खोळंबतं.

तिसरी पातळी, बाकी सगळं: नवीन युजर, सॉफ्टवेअर टाकणं, प्रिंट फिकी येते, स्लो आहे. उत्तर ४ तासांत, काम ३ दिवसांत.

पातळी कोणती हे तुम्ही सांगाल तेच सुरुवातीला धरायचं. आम्हाला पटलं नाही तरी आधी काम करू, पातळीवर बोलणं महिन्याच्या शेवटच्या मीटिंगमध्ये. आणि "उत्तर" म्हणजे मशीन बघायला सुरुवात करणाऱ्या माणसाचं बोलणं, "बघतो, कळवतो" असा आपोआप गेलेला मेसेज उत्तरात मोजायचा नाही.

घड्याळ कधी थांबतं

भांडणं सगळी इथेच होतात म्हणून हे नीट वाचा. घड्याळ फक्त पाच कारणांनी थांबेल: महावितरणची लाइट गेली आणि तुमचा यूपीएस संपला, इंटरनेट कंपनीची लाइन बंद (पण दुसऱ्या लाइनवर वळवणं आमचं काम, ते ३० मिनिटांत नाही झालं तर घड्याळ चालूच), जीएसटी किंवा इन्कम टॅक्सचं पोर्टलच चालत नाहीये, पासवर्ड, ओटीपी, मंजुरी किंवा ऑफिसची चावी तुमच्याकडून यायची आहे, पार्ट कंपनीच्या वॉरंटीतून यायचा आहे आणि आम्ही स्टँडबाय दिलाय.

प्रत्येक वेळी थांबवताना आम्ही ग्रुपवर कारण आणि वेळ लिहायची, परत सुरू झालं की तेही लिहायचं. लिहिलं नाही तर घड्याळ थांबलंच नाही असं धरायचं, थांबण्याचं कारण कितीही खरं असलं तरी. महिन्याअखेरीला आठवून "त्या दिवशी लाइट नव्हती" म्हटलेलं चालणार नाही.

ट्रॅफिक हे कारण नाही, पुण्यात राहून ट्रॅफिकचं कारण द्यायला आम्हालाच बरं वाटणार नाही, दीड तास त्यासाठीच धरलाय. अपवाद दोनच: अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणूक संपून टिळक रोड मोकळा होईपर्यंत, आणि पालख्या शहरात असताना पोलिसांनी रस्ते बंद केलेत तेवढा वेळ. त्या काळात माणूस पोचायची वेळ मोजायची नाही, फोन आणि रिमोटची मात्र मोजायची. गुरुवारी महावितरणचं मेंटेनन्सचं शटडाऊन जाहीर झालं तर आदल्या संध्याकाळी सर्व्हर नीट बंद करून ठेवायचं काम आमचं.

सर्व्हर किती चालला पाहिजे

कामाच्या वेळेत ९९ टक्के. २६ दिवस गुणिले ९ तास म्हणजे २३४ तास, त्यातले सुमारे २ तास २० मिनिटं बंद राहिलं तर माफ, त्यावर दंड. आम्ही सांगून रात्री साडेआठनंतर केलेलं मेंटेनन्स यात धरायचं नाही, पण डेडलाइनच्या दिवशी मेंटेनन्स अजिबात करायचं नाही. ९९.९ लिहिणं सोपं होतं, पण एका सर्व्हरवर चालणाऱ्या ऑफिसला तो आकडा कोणी देत असेल तर तो खोटा आहे.

दंड

पहिल्या पातळीत १५ मिनिटांत उत्तर नाही: दर वेळी ५०० रुपये. माणूस वेळेत पोचला नाही: ७५०. काम चालू व्हायला ४ तासांच्या वर गेलं: पुढच्या प्रत्येक तासाला ६०० (फीच्या अडीच टक्के), अर्धा तास झाला तरी पूर्ण तास धरायचा. दुसऱ्या पातळीत उशीर: दर तक्रारीला ३००. तिसऱ्या पातळीला दंड नाही, पण एका महिन्यात पाचपेक्षा जास्त तक्रारी उशिरा झाल्या तर सरसकट १,०००. सर्व्हर ९९ टक्क्यांखाली: प्रत्येक पूर्ण टक्क्याला १,२००, मात्र त्याच बंदसाठी तासाचा दंड लागला असेल तर दोन्हीपैकी मोठा तेवढाच. डेडलाइनच्या दिवशी सगळं दुप्पट.

उदाहरण: १० तारखेला सकाळी ११:१० ला सर्व्हर बंद झाल्याचा फोन. उत्तर आणि माणूस दोन्ही वेळेत, पण काम ३:१० ऐवजी ४:५० ला चालू झालं. उशीर १ तास ४० मिनिटं, धरायचे २ तास, म्हणजे १,२००, डेडलाइनचा दिवस म्हणून २,४००.

एका महिन्यात जास्तीत जास्त ६,००० (२५ टक्के), जुलै आणि सप्टेंबरमध्ये ९,६०० (४० टक्के). याच्यावर आम्ही जाऊ शकत नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, चार पगार द्यायचे असतात. दंड तुम्ही मागायची गरज नाही, हिशोब आम्हीच करून पुढच्या बिलात वजा करू, सोबत सगळ्या तिकिटांची वेळेसकट यादी देऊ. सलग दोन महिने मर्यादा गाठली किंवा सहा महिन्यांत तीनदा, तर तुम्ही १५ दिवसांच्या नोटिशीने करार सोडू शकता, काही चार्ज नाही, आणि सगळे अॅडमिन पासवर्ड, नेटवर्कचा नकाशा, लायसन्सची यादी आम्ही सोडताना देऊ.

हे आकडे भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे आधीच ठरवलेली वाजवी भरपाई म्हणून दोघांनी मान्य केलेत. डेटा आमच्या निष्काळजीपणाने गेला तर ही मर्यादा लागू नाही, तिथे जबाबदारी वर्षाच्या फीइतकी, २,८८,००० पर्यंत.

बॅकअप आणि सायबर हल्ला

टॅली आणि क्लायंट फोल्डरचा बॅकअप रोज रात्री नॅसवर, दर शनिवारी एक कॉपी ऑफिसबाहेर. दर तीन महिन्यांनी तुमच्यासमोर एक फाइल आणि एक टॅली कंपनी परत उघडून दाखवू. उघडली नाही तर २,००० दंड आणि आठवड्यात पुन्हा चाचणी, कारण परत न उघडणारा बॅकअप हा बॅकअपच नव्हे.

रॅन्समवेअरचा संशय आला तर स्टाफने फक्त लॅनची वायर काढायची, वायफाय बंद करायचं आणि फोन करायचा, मशीन बंद करायचं नाही, स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, तो रिपोर्ट आम्ही ३ तासांत तयार करून देऊ, पाठवायचा निर्णय आणि सही तुमची. फायरवॉल आणि सर्व्हरचे लॉग १८० दिवस ठेवू.

तुमच्याकडून काय लागेल

दोन्ही ऑफिसला एक-एक ठरलेला माणूस, ज्याच्या हो म्हणण्यावर आम्ही काम करू. नवीन मशीन किंवा सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी एक फोन. बिल १ तारखेला येईल, पैसे १५ तारखेपर्यंत. आम्ही उद्यम नोंदणी असलेलं युनिट आहोत, कायद्याने ४५ दिवसांच्या वर थांबता येत नाही हे तुम्हालाच जास्त माहीत. ४५ दिवस उलटले तर पैसे येईपर्यंत दंडाची अट थांबेल, पहिल्या पातळीचं काम मात्र थांबणार नाही, पैशासाठी कोणाचा सर्व्हर बंद ठेवणं आमच्यात बसत नाही.

बदल फक्त लेखी, दोघांच्या सहीने. वाद झाला तर आधी समोरासमोर बसून सात दिवस, नंतर पुण्यातलं न्यायालय. सोडायची एरवीची नोटीस दोन्ही बाजूंनी ३० दिवस, पण जुलै आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सोडणार नाही, नोटीस संपत असली तरी.