विषय: जुलैपासून तीन महिने ट्रायलवर आठवड्यातले तीन दिवस घरून काम करण्याबद्दल

रश्मी मॅडम, नमस्कार.

परवा कॅन्टीनमध्ये अर्धवट बोलणं झालं होतं ना, तुम्ही म्हणालात नीट लिहून पाठव, मग मी वर बोलते. म्हणून लिहितेय. जरा लांब झालंय, पण एकदा पूर्ण वाचा प्लीज.

प्रशांतची बदली सातपूरच्या प्लांटला झाली हे तुम्हाला माहितीये. मुलीचं अॅडमिशन नाशिकला झालंय, शाळा जूनमध्ये सुरू होतेय, त्यामुळे घर हलवावंच लागणार. नाशिकहून चाकण रोज येणं-जाणं शक्यच नाही, नारायणगाव-मंचरचे बायपास झाले असले तरी एका बाजूचे चार तास कुठे गेले नाहीत, आणि खेडपासून चाकण चौकापर्यंत काय होतं ते तुम्ही रोज बघताच. तर माझी विनंती अशी की १ जुलै ते ३० सप्टेंबर मी मंगळवार-बुधवार ऑफिसला येते आणि सोम, गुरू, शुक्र घरून करते. मोशीला बहिणीकडे राहायची सोय आहे, म्हणजे मंगळवारी पहाटे निघायचं आणि बुधवारी पेमेंट रन झाला की परत. मंथ-एंडचे शेवटचे दोन आणि पुढच्या महिन्याचे पहिले तीन वर्किंग दिवस मी पूर्ण ऑफिसलाच असेन, तेव्हा वार बघायचा नाही.

हे तीन महिने मुद्दाम निवडलेत. ३१ जुलैला पहिल्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न आहे, सप्टेंबरअखेर हाफ इयर क्लोजिंग आहे, म्हणजे सोप्या महिन्यात जमवून दाखवलं असं कोणी म्हणायला नको.

आता तुम्हाला पहिली शंका कागदाची येणार, आणि ती बरोबरच आहे. मी एप्रिलची बिलं बसून बघितली. साधारण दोन तृतीयांश बिलं आता मेलवर पीडीएफ येतात, मोठ्या वेंडरची तर ई-इन्व्हॉइसच असते, आयआरएन आणि क्यूआर कोड असतो, तिथे कागद हातात असला काय नि नसला काय. खरा प्रश्न ट्रान्सपोर्टवाले, जॉबवर्कवाले आणि छोटे फॅब्रिकेटर यांचा, ते बिल चलनासोबत गेटवर देतात. त्यासाठी स्टोअरच्या विवेकशी बोलले. तो तसाही जीआरएन करताना बिलावर इनवर्ड नंबरचा शिक्का मारतो, तर रोज चार वाजता तो दिवसभराचा गठ्ठा स्कॅन करून आपल्या कॉमन मेलबॉक्सला टाकेल, फाइलचं नाव म्हणजे इनवर्ड नंबर. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे असं तोच म्हणाला, पण त्याच्या साहेबांना तुमच्याकडून एक शब्द लागेल. ओरिजिनल त्याच्याकडच्या ट्रेमध्ये राहतील आणि मंगळवारी मी स्कॅनशी एकेक ताडून फाइल करेन. पीओ, जीआरएन, बिल यांचं मॅचिंग सिस्टिममध्येच होतं, ते कुठूनही होतं.

बँकेचं टोकन आणि डिजिटल सिग्नेचर ऑफिसमध्येच राहणार, घरी काहीही नेणार नाही. मी मेकर, तुम्ही चेकर, हे आहे तसंच. आयटीला विचारलंय, कंपनीचा लॅपटॉप आणि व्हीपीएन दोन्ही मला आधीच मिळालेलं आहे, फक्त घरून लॉगिनची परमिशन उघडावी लागेल. नाशिकच्या घरी फायबर घेतलंय, इन्व्हर्टर आहे, आणि नेट गेलंच तर फोनचा हॉटस्पॉट. ९ ते ६ फोनवर आणि चॅटवर असेन, दुपारी मुलीला शाळेतून सासूबाई आणतात, त्यामुळे मध्येच गायब होणार नाही.

आता मोजायचं कसं. मी काम करते म्हणून मीच रिपोर्ट काढला तर त्याला काही अर्थ नाही, म्हणून आकडे संदीपने सिस्टिममधून काढावेत, दर महिन्याच्या पाच तारखेला, थेट तुम्हाला. बेसलाइन म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल धरलाय.

बिल इनवर्ड झाल्यापासून पोस्ट होईपर्यंत सध्या सरासरी ४ वर्किंग दिवस लागतात. घरून ते ४ च्या वर जायला नको, माझा अंदाज ३ वर येईल, कारण चाकणला माझा अर्धा वेळ टेबलाशी उभ्या असलेल्या वेंडरशी बोलण्यात जातो (ते लोक आता कोणाच्या टेबलाशी उभे राहतील हा प्रश्न आहेच, त्यासाठी मंगळवार-बुधवार ११ ते १ वेंडरची वेळ ठरवू, आणि तसा मेल मी सगळ्यांना पाठवेन). वेंडरच्या मेलला एका वर्किंग दिवसात उत्तर, सध्या बऱ्याचदा दोन लागतात. चुकीच्या जीएल किंवा चुकीच्या टीडीएस रेटमुळे रिव्हर्स केलेल्या एंट्री तीन महिन्यांत ११ आहेत, त्या ११ च्या वर नकोत. डबल पेमेंट शून्य.

तारखांचं वेगळं लिहिते कारण तिथे सरासरी चालत नाही. टीडीएसचं वर्किंग ४ तारखेला तुमच्याकडे, म्हणजे ७ च्या आत भरणा निवांत होतो. जीएसटीआर-२बी १४ ला येतं, त्याचं रिको १७ पर्यंत पूर्ण आणि मिसमॅच असलेल्या वेंडरना मेल गेलेला, म्हणजे २० च्या ३बी ला घाई नको. आणि एमएसएमई वेंडरचं एकही बिल माझ्या टेबलावर अडकून ४५ दिवसांच्या पुढे जायला नको, ज्यांच्याशी लेखी टर्म्स नाहीत त्यांचे तर १५ च, ती यादी दर सोमवारी मी तुम्हाला पाठवेन. गेल्या वर्षी ऑडिटरने याच यादीवर दोन दिवस घालवले होते.

थांबायचं कधी तेही आत्ताच ठरवू, नंतर वाद नको. वरच्या चार आकड्यांपैकी कुठलेही दोन सलग दोन महिने घसरले तर ट्रायल तिथेच संपली. सरकारी तारीख माझ्यामुळे एकदा जरी चुकली तरी संपली, तिथे दुसरा चान्स मागणार नाही. आणि आकडे ठीक असून टीमला त्रास होत असेल, म्हणजे माझे फोन पूजाला घ्यावे लागतायत वगैरे, तर तेही सांगा, दर महिन्याच्या रिव्ह्यूला पूजाला पण बसवूया, ती माझ्यासमोर स्पष्ट बोलते. ट्रायल बंद झाली तर मला ३० दिवस द्या, तेवढ्यात मी पुन्हा चाकणला राहायचं की काय ते ठरवेन आणि जे ठरेल त्याप्रमाणे हँडओव्हर नीट करून देईन.

पगारात काही बदल मागत नाहीये, येण्याजाण्याचा खर्च माझा. कंपनीची बस सोडतेय, तो पास एचआरने जुलैपासून बंद केला तरी चालेल.

एचआरला अजून काही पाठवलेलं नाही, तुमचं हो किंवा नाही कळल्याशिवाय पाठवणार पण नाही. मी इथे सहा वर्षं आहे आणि मला काम सोडायचं नाही, एवढंच. गुरुवारी दुपारी अर्धा तास मिळेल का? आयटीची परमिशन यायला त्यांना दोन आठवडे लागतात, म्हणून मेच्या शेवटापर्यंत कळलं तर १ जुलै जमेल.

मानसी
अकाउंट्स पेएबल