झुई झुई झोळी, कुई कुई दोरी

(दार लोट गं हळूच. कडी नको घालू, ती खळकन वाजती. दिवा तिकडं देवळीत सरकव, तिच्या डोळ्यावर यायलाय उजेड. हां. आण इकडं. पोट भरलंय ना? ढेकर काढलीस का? मग दे माझ्याकडं, अन् तू पड भिंतीकडं तोंड करून. सव्वा महिना झाला म्हणून काय झालं, बाळंतीण ती बाळंतीणच.)

झुई झुई झोळी, कुई कुई दोरी,
नीज गं चिमणे, रात झाली गोरी.
झुई झुई झुई झुई, कुई कुई कुई,
नीज गं चिमणे, नीज गं बाई.

आढ्याला दोरी, दोरीला झोळी,
झोळीत घातली पुरणाची पोळी.
झुई गं इकडं, झुई गं तिकडं,
मधी चांदण्याचं बारीक फडकं.

मऊ मऊ वाकळ, मऊ तिची घडी,
पणजीच्या इरकलीची चौघडी चौघडी.
टाका गं टाका, सुई गं सुई,
टाक्याटाक्यातून गाई गं गाई.

राईची उशी, सरसर सरसर,
कूस जरा वळव, सर बाई सर.
सरसर सरसर, राई गं राई,
डोकं गोल गोल, नीज गं बाई.

झुई झुई झोळी, कुई कुई दोरी,
नीज गं चिमणे, रात झाली गोरी.

(डोळे टक्क उघडेच हायेत अजून. माझ्याकडंच बघायली. बघू नको माय अशी, मग मलाच हसू येतं अन् आवाज मोडतो.)

कपाशीचं बोंड फुललं फुलुफुलु,
पापणी तुझी गं मिट हलुहलु.
बोंडातून कापूस भुरु भुरु भुरु,
वाऱ्यावर चाललं पांढरं पाखरू.

भुरु भुरु भुरु भुरु कुठं गं गेलं?
पळसाच्या झाडाला जाऊन आलं.
भुरु भुरु भुरु भुरु कुठं गं बसलं?
चिमीच्या पापणीवर येऊन बसलं.

बसलं तर बसू दे, हलवू नको,
पापणीचं पाखरू उडवू नको.

(तू काल मोबाईलावर पावसाचा आवाज लावला होतास ना, लेकरं झोपतात म्हणून? झोपली न्हाई ती. कामून झोपंल? तो पाऊस सारखाच पडत राहतो, थांबतच न्हाई. खरा पाऊस थांबून थांबून पडतो, अन् लेकराला झोप लागती ती थांबल्यावर. आपल्याकडचा तर काय, थांबतोच! हे बघ, असा म्हणायचा.)

टिप टिप टिप टिप पाऊस आला,
टिप टिप टिप टिप माळवदी बसला.
टिप... टिप... पांढऱ्या मातीत मुरला.

टिप टिप टिप टिप फिरून आला,
अंगणात चिमणीसंगं न्हाला.
टिप... टिप... पंखाखाली निजला.

टिप...
टिप...
आता तो गप बसला.

(बघ. पाय थांबले का न्हाई? मघाशी सायकल चालवायली होती.)

गोठ्यात देवणी बसली बसली,
रवंथ करती मचु मचु मचु.
वासरू तिचं गं पोटाशी लागलं,
दूध पितं ते लुचु लुचु लुचु.

गळ्यात घुंगूर एकच एक,
टुण... टुण... टुण... टुण...
शेपूट हालतं, माशी उडती,
गुण... गुण... गुण... गुण...

माशीही निजली गव्हाणीवर,
घुंगूर निजला गळ्यावर.
मचु मचु... मचु...
लुचु लुचु... लुचु...

घर घर घर घर जातं फिरलं,
गंगाखेडच्या जनीचं दळण सरलं.
घर घर घर घर, खुंटा गं धरी
विठू सावळा, जनीच्या घरी.

घर घर... घर घर... हळू गं हळू,
पाळीत पिठाचा ढीग वळू वळू.
जातं गं निजलं, खुंटा गं निजला,
पिठानं पांढरा विठू गं निजला.

(आता दळण गिरणीवर जातं, जातं त्या कोपऱ्यात पालथं पडलंय, त्याच्यावर तुझ्या भावानं खताची पिशवी ठेवली. पण मांडीवर लेकरू आलं की तोंडातून घरघर निघतीच. माझी माय दळता दळता मला मांडीवर घ्यायची. जात्याचा हादरा मांडीतून अंगात यायचा, त्यानंच झोप लागायची. म्हणून मी हे म्हणताना मांडी हलवती, बघितलंस का? झोळीत असली तर दोरीच जरा थरथरवायची. ओढायची न्हाई, नुसती थरथर.)

झुई झुई झोळी, कुई कुई दोरी,
नीज गं चिमणे...

(ए मांजरे! हाड! पाडलास का तांब्या! हाय हाय हाय हाय... न्हाई न्हाई न्हाई, काई न्हाई माय, काई न्हाई. तांब्या होता. तांब्या. उठू नको तू, पड तशीच. दचकली नुसती. हाऽऽ हाऽऽ हाऽऽ हाऽऽ... तांब्याचंच गाणं करती आता.)

तांब्या गं पडला, खण खण खण,
कोण म्हणालं, खण खण खण?
तांब्या घरंगळला, गण गण गण,
कोण म्हणालं, गण गण गण?

चुलीपाशी गेला, मण मण मण,
उंबऱ्याशी थांबला, मण... मण...
तांब्याला आली गं नीज गं नीज,
म... म... म... म...

म... म... म... म...
आपण पण म्हणू, म... म...
ओठ मिटू, म... म...
डोळे मिटू, म... म...

(हां. असं. कोणता आवाज झाला, तर त्याला दटावायचं न्हाई. त्यालाच हळू हळू करत न्यायचं. खणचं गण झालं, गणचं मण झालं, मणचा म राहिला. लेकराला ओठ मिटल्याचा आवाज लई आवडतो, त्यात दूध आठवतं त्याला.)

मामा गं मामा रानात गेला,
रातची लाईट, पाणी द्यायला.
मोटर बोलती, हुर्रु हुर्रु हुर्रु,
पाणी निघालं, सुरु सुरु सुरु.

पाटातून पाणी, झुळु झुळु झुळु,
सारीतून पाणी, हळु हळु हळु.
गहू गं पितो, गटु गटु गटु,
वाफा भरला, पुटु पुटु पुटु.

मामाचे पाय, चुबुक चुबुक,
चिखलात पाय, चुबुक चुबुक.
फावडं निजलं बांधावर,
चांदणं निजलं पाण्यावर.

(ह्या आठवड्याला रातचीच पाळी हाय. थंडी बघ किती सुटलीय, अन् तो उघड्या पायानं दारं धरायलाय. बॅटरी नेली का त्यानं? नेली असंल. नेली असंल.)

बाप गं बाप चाकणला,
रातपाळीला मशीनला.
मशीन म्हणती, ठुकु ठुकु ठुकु,
बापाला आठवती, टुकु टुकु टुकु.

डबा गं खाताना फोटो बघतो,
गालातल्या गालात एकटाच हसतो.
ठुकु ठुकु... टुकु टुकु...
चिमीचे डोळे लुकु लुकु.

लुकु लुकु चांदण्या, लुकु लुकु दिवा,
लुकु लुकु डोळ्यांना निजू गं द्यावा.
लुकु... लुकु... एक मिटला.
लुकु... दुसरा राहिला.
लु...

लांब गं गाडी, परळीची गाडी,
दडु दडु दडु दडु, पुलावर गाडी.
खालून गंगा, वरून गाडी,
दडु दडु... दडु दडु... पल्याड गाडी.

दडु... दडु...
कानात गाडी...
दडु...
गेली गाडी.

गंगेच्या वाळूत झिरा गं झिरा,
झिरु झिरु झिरु झिरु पाझरे झरा.
ओंजळ भरली, झिरु झिरु झिरु,
पेंग गं भरली, हिरु हिरु हिरु.

झिरु झिरु... वर वाळू,
झिरु झिरु... खाली पाणी,
झिरु झिरु... वर पापणी,
झिरु झिरु... खाली पाणी.

(हसायली. झोपंत हसायली बघ. डाव्या गालाला नुसती खळी पडून गेली. सटवाई आली असंल. बोलू नको, सटवाईला बोललेलं आवडत न्हाई.)

कुजु कुजु कुजु कुजु कानात बोली,
सटवाई आली गं, सटवाई आली.
हसु हसु हसु हसु ओठाच्या कोनी,
रडवू नको बाई, हसवून जा नी.

कुजु कुजु... हसु हसु...
कुजु... हसु...
हसु...

झुई झुई झोळी,
कुई कुई दोरी,
झुई झुई...
कुई कुई...

हुं हुं हुं हुं,
हुं हुं हुं,
हुं हुं...
हुं...

(टोपडं सैल कर जरासं. टाळू बघ, कशी उडती. लुप... लुप... लुप. तेलानं ओली हाय, म्हणून दिव्यात चमकायली. ह्या टाळूच्या चालीवर म्हणायचं शेवटचं. ती उडती तेवढंच, घाई करायची न्हाई.)

लुप... लुप...
नीज... नीज...
लुप... लुप...
नीज... नीज...

लुप...
नीज...

झु...ई...
कु...ई...

(झोपली. पण दोरी थांबवू नको. कुई थांबली की जागी होती ती, आईवरच गेलीय. तुझ्या वेळंला पण मी असंच करायची. दे, दोरीचं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला बांध. सैल बांध, रग लागती. मी पडल्या पडल्या हलवत राहीन. अन् मामा आला की त्याला म्हणावं, दार वाजवू नको, बाहेरून नुसतं खोक. चहा मी करीन. तू झोप.)

झु...ई...

कु...ई...

झु...