टाळ्या मिळतात, किल्ली मिळते का?

मित्रमैत्रिणींनो, ज्याच्याभोवती सगळे गोळा होतात त्यालाच लोक मान देतात, मग लोकप्रियता आणि आदर या दोन गोष्टी वेगळ्या कशा, असे सकाळच्या सत्रात तुमच्यापैकी एकीने विचारले होते. उत्तरादाखल मी माझीच एक फजिती सांगतो.

महाविद्यालयात मी नकला करण्यात पटाईत होतो. बोलताना अडखळणाऱ्या एका प्राध्यापकांची नक्कल तर मला पुनःपुन्हा करायला लावत, आणि माझ्यासाठी रोज कोणी ना कोणी जागा धरून ठेवी. सहलीची वर्गणी जमली तेव्हा पैसे कोणाकडे ठेवायचे, असा प्रश्न निघाला. माझे नाव कोणीही घेतले नाही. मागच्या बाकावरच्या, एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या एका मुलीचे नाव मात्र तीन ठिकाणांहून एकदम आले. तिने नोटा मोजल्या, प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम लिहून सही घेतली, आणि एक नोट जास्त भरते आहे हे लक्षात आल्यावर, ती कोणाची हे सापडेपर्यंत वही मिटली नाही. मला त्या दिवशी तिचा रागच आला होता.

पार्कहर्स्ट आणि हॉपमायर या दोन संशोधक महिलांचा १९९८ सालचा अभ्यास माझ्या वाचनात आला तो फार पुढे. शाळकरी मुलांमध्ये लोकप्रिय कोण मानले जाते आणि प्रत्यक्षात कोण आवडते, हे त्यांनी वेगवेगळे तपासले, तेव्हा लोकप्रिय मानली गेलेली बरीचशी मुले फारशी आवडती नव्हती, तर आवडत्या मुलांना सोबती प्रेमळ आणि विश्वासू म्हणत होते. आमच्या वर्गाने हेच एका वहीवर ठरवले होते.

लोकप्रिय असण्यात वाईट काहीच नाही. हसवणारा माणूस कोणाला नको असतो? अडचण येते ती नाही म्हणण्याच्या वेळी. गृहपाठ उतरवून घेऊ न देणाऱ्या मित्रावर आपण दोन दिवस रुसतो, पण घरातले भांडण कोणाला तरी सांगावेसे वाटते तेव्हा पाय त्याच्याकडेच वळतात, कारण गैरहजर माणसाची थट्टा त्याच्या तोंडून आपण कधी ऐकलेली नसते. माझ्या नकला ऐकून पोट धरून हसणाऱ्या प्रत्येकाला, आपली पाठ वळली की आपलीही पाळी येणार, हे नीट ठाऊक होते.

आता तुमच्या हातात एकेक चिठ्ठी दिली आहे. तिच्या एका बाजूला, सहलीत ज्याच्याशेजारी बसायला आवडेल त्याचे नाव लिहा, आणि दुसऱ्या बाजूला, महिनाभर बाहेरगावी जाताना ज्याच्याकडे घराची किल्ली द्याल त्याचे. दोन्हीकडे एकच नाव आले तरी हरकत नाही. चिठ्ठी गोळा करणार नाही. घडी घालून खिशात ठेवा.