ऐरोलीच्या रोलबद्दल

नमस्कार मॅडम,

काल तुमचा मेसेज आला तेव्हा मॅनेजर शेजारच्याच खुर्चीवर होते म्हणून लगेच रिप्लाय केला नाही, सॉरी. जेडी नीट वाचली, काम आवडलंय, बोलायला नक्की तयार आहे.

पण आधीच सांगतो, ही कंपनी आमची थेट स्पर्धक आहे, कोल्ड स्टोरेजच्या बहुतेक टेंडरला आम्ही समोरासमोर असतो. माझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये वर्षभर स्पर्धकाकडे जायचं नाही असा क्लॉज आहे. नोकरी सोडल्यावर असा क्लॉज सहसा कोर्टात टिकत नाही, १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम २७ आहे ना, तरी त्यांना त्याची कल्पना आधीच द्या, मागाहून विषय नको. गोपनीयतेचं मात्र वेगळं आहे, ते मी पाळणारच. आमचे रेट, कस्टमरची नावं, टेंडरचे आकडे यातलं काही इंटरव्ह्यूत सांगणार नाही, आणि त्यांना माझ्याकडून तेच हवं असेल तर इथेच थांबूया, खरंच. सहा वर्षं या लोकांनी मला काम शिकवलंय.

नोटीस ६० दिवसांची, पूर्ण करूनच निघेन. सीव्ही मी हो म्हटल्याशिवाय पुढे पाठवू नका आणि रेफरन्ससाठी आमच्या ऑफिसात फोन तर अजिबात नको, ऑफर हातात आल्यावर बघू.

कॉल रात्री साडेआठनंतर करा प्लीज, त्याआधी मी ठाणे लोकलमध्ये असतो आणि डब्यात आमच्याच ऑफिसचे चार-पाच जण असतात. आधी पगाराची रेंज आणि रिपोर्टिंग कोणाला ते कळवाल का?