मुलाखत मा-07: ट्रान्सक्रिप्टचा उतारा (00:12:31 ते 00:15:10)

ठिकाण: मालवण तालुका, किनाऱ्यालगतची वाडी, निवेदकाच्या घराची पडवी
दिनांक: 11 फेब्रुवारी 2023
विषय: रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून दोरीने ओढायचं मोठं जाळं; पर्ससीन, म्हणजे बोटीवरून मासळीच्या थव्याभोवती टाकायचं जाळं; आणि मजुरी
मु: मुलाखतकार. का: निवेदक, वय 67, रापण संघाचे जुने सभासद.

काकांची मालवणी होती तशीच ठेवली आहे, प्रमाण मराठीत आणलेली नाही. चौकटी कंसातलं सगळं माझं, म्हणजे ऐकून लिहिणाऱ्याचं. आवाज आहे पण शब्द कळत नाहीत, तिथे [अश्राव्य] आणि वेळ. शब्द कळला पण खात्री नाही, तिथे शब्दामागे [?]. नुसती शांतता ही वेगळी गोष्ट, तिला सेकंद दिले आहेत.

[00:12:31]

मु: काका, वाटे कसे पडायचे?

का: जाळ्याचो वाटो, होडयेचो वाटो, उरलेलो माणसांचो. ओढूक इलो तेका वाटो. म्हातारो दोरयेक हात लावन नुसतो उभो रवलो तरी तेका वाटो. [हसतात] माझो आजो तसोच उभो रवायचो.

मु: माणसं किती लागायची?

का: पन्नास-साठ तरी. दोनय बाजूंनी दोरी ना! आता पोरां खय गावतत? कोण मुंबयक, कोण गोव्याक. संघ कागदार आसा.

[00:14:07]

मु: [प्रश्न अश्राव्य, 12 सेकंद. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू.] …त्या वर्षी [?] तुम्ही… [अश्राव्य] …का?

का: [5 सेकंद शांतता] नाय. त्या वर्साक नाय. [2 सेकंद] पुढच्या वर्साक गेलंय. झिलाचा लगीन होता, बाय. पैसो खयसून हाडतलंय? थय रातीचा काम, दिसाक झोप. तेव्हा कोणाक सांगूक नाय. आज तुका सांगतंय.

[टीप: रेकॉर्डर स्वयंपाकघराच्या खिडकीत, काकांच्या कोपराशी होता आणि मु पायरीवर बसली होती. म्हणून उत्तर शाबूत राहिलं आणि प्रश्न मिक्सरने खाल्ला. हेडफोन लावून, वेग कमी करून मी पाच वेळा ऐकलं. नंतर प्रश्नावली न दाखवता गटातल्या दुसऱ्याला ऐकवलं. "त्या वर्षी" त्यालाही ऐकू आलं, पण "तुम्ही"च्या पुढे त्यालाही काही लागलं नाही. प्रश्नावली समोर घेऊन बसलो की मला मात्र दर वेळी "बोटीवर" ऐकू यायचं, म्हणून तो शब्द लिहिलेला नाही.

प्रश्नावलीतले दोन प्रश्न इथे बसतात. 11 वा: 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले, त्या वर्षी तुम्ही रापण सोडून बाहेरगावी कामाला गेलात का? 12 वा: 2017 च्या नोव्हेंबरात एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आली, त्या वर्षी तुम्ही तशा बोटीवर होतात का? उत्तर दोन्हींना चपखल बसतं. रातीचं काम गोव्यातल्या हॉटेलातही असतं आणि दिव्यांच्या बोटीवरही. पण 11 वा धरला तर एका बापाने लग्नासाठी गाव सोडल्याची गोष्ट होते. 12 वा धरला तर बंदीनंतर बेकायदा बोटीवर गेल्याची कबुली होते, तीसुद्धा संघाच्या माणसाची. ती मी त्यांच्या तोंडी घालणार नाही.

मु ला चार दिवसांनी विचारलं. तिचे शब्द: "बहुतेक 12 वा. पण 11 वा गाळला होता की नाही, आठवत नाही." हे तिच्या नावाने इथेच ठेवतो, वर मुलाखतीत नाही. हा परिच्छेद कोणीही उद्धृत केला तर [प्रश्न अश्राव्य] ही खूण सोबत न्यायची. नुसतं "पुढच्या वर्साक गेलंय" उचलायचं नाही. काकांना हा भाग वाचून दाखवायचा आहे. ते जे सांगतील ते तारखेसह खाली जोडायचं, वरचा मजकूर न बदलता.]

[00:14:48]

का: परत इलंय तेव्हा संघातले दोन म्हयने बोलाक नाय. मगे एक दिस सकाळी हाक मारल्यानी, "येतंस मा ओढूक?" [हसतात] गेलंय. वाटो दिल्यानी, पण [अश्राव्य, 2 सेकंद, कोंबडा] बांगडे.

[मिक्सर थांबतो.]

का: हां, बंद झालो. मगाशी काय ता विचारी होतंस, बाय?

मु: नाही काका, ते झालं. आता पुढचं विचारते.