कृष्णाकाठी शवासन: मार्केट यार्डातल्या बायकांच्या संध्याकाळच्या वर्गासाठी

(वाचणारीसाठी: आधीच्या संहितेत सूचनांची इतकी गर्दी होती की ऐकणारीला श्वास घ्यायला सवड मिळत नव्हती. म्हणून वाक्यं तोडली आहेत. तीन टिंबं दिसली की स्वतःचा एक पूर्ण श्वास होईपर्यंत थांबायचं. कंसातलं वाचायचं नाही. आवाज खाली ठेवायचा, पण शेवटच्या रांगेतल्या काकूंना ऐकू गेला पाहिजे.)

या, बायांनो. पाठीवर आडव्या व्हा… पायांत थोडं अंतर. हात अंगापासून जरा लांब, तळवे वर.

कंबर धरली असेल तर गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी घ्या… दिवस गेले असतील त्यांनी डाव्या कुशीवर झोपा. आपल्याला जमेल तसं.

खोकला आला तर खोकून घ्या. दाबू नका. दिवसभर हळदीच्या धुळीत बसला आहात… घसा मोकळा होऊ दे.

डोळे मिटा… किंवा अर्धे उघडे राहू द्या. दोन्ही चालतं.

आता काही करायचं नाही… पोतं शिवायचं नाही. चाळायचं नाही. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही… एवढा वेळ तुमचा आहे.

श्वास आत येतोय… बाहेर जातोय… आपण फक्त बघायचं.

आत घेताना मनात चार मोजा… सोडताना सहा. रोखून धरायचा नाही. सहा जमत नसतील तर पाचच… सोडणं लांबलं की छातीतली धडधड आपोआप उतरते.

(पाच श्वास गप्प राहा.)

आता आपण कृष्णेबरोबर खाली उतरू… अगदी सावकाश.

पाण्याचं नाव काढल्यावर कुणाला २०१९ चा पूर आठवला, घर आठवलं… तर डोळे उघडा. छताकडे बघा. जमिनीला टेकलेली पाठ जाणवू दे… आणि नुसत्या श्वासाबरोबर राहा. नदी सोडून दिली तरी चालेल.

महाबळेश्वर… डोक्याचा माथा. तिथं नदी उगम पावते… माथा सैल.

धोम… कपाळ. धरणाचं पाणी स्थिर… दोन भुवयांमधली आठी सुटू दे.

वाई… डोळे. गाल. जबडा… दात दातांवर नकोत. जीभ आत मोकळी पडू दे…

माहुली. वेण्णा येऊन मिळते… मान. गळा. दिवसभर खाली वाकलेली मान… आता तिचं ओझं जमिनीवर.

(इथे घाई करू नका. खांद्यांवर बायका सगळ्यात जास्त अडकतात.)

खांदे… उजवा खांदा जड. डावा खांदा जड… दंड… कोपर… मनगट.

उजव्या हाताचा अंगठा… त्याच्या शेजारचं बोट… मधलं… अनामिका… करंगळी… नखांत हळद बसली आहे. असू दे.

डाव्या हाताचा अंगठा… त्याच्या शेजारचं बोट… मधलं… अनामिका… करंगळी…

कराड. इथं कोयना आणि कृष्णा समोरासमोर येतात… आणि एक होतात. दोन्ही हातांतला शीण छातीपाशी येऊ दे… श्वासाबरोबर बाहेर जाऊ दे…

पुन्हा एकदा… बाहेर जाऊ दे…

औदुंबर… पोट. वर येतंय… खाली जातंय. पोट आत ओढून धरायचं नाही. इथं कुणी बघत नाही…

सांगली… कंबर. आपलं गाव. आपला घाट… पात्र रुंद. पाण्याला घाई नाही… कमरेचा एकेक मणका जमिनीकडे.

हरिपूर. वारणा आली… मांड्या. गुडघे… उकिडवं बसून थकलेले गुडघे… जड… सैल.

नरसोबाची वाडी. पंचगंगा आली… पोटऱ्या. घोटे. टाचा. तळवे… पायाची दहाही बोटं.

सगळं अंग… डोक्यापासून पायापर्यंत… सगळं अंग…

आता श्वास सोडताना उलटे आकडे. अकरा… दहा… नऊ… मध्येच चुकलं तर पुन्हा अकरापासून. चुकणारच…

(दोन मिनिटं काही बोलू नका. कुणी घोरत असेल तर घोरू द्या.)

माझ्या आवाजाकडे या… रस्त्यावरची गाडी ऐका… पंखा ऐका…

हातापायांची बोटं हलवा… हात डोक्यावरून मागे नेऊन ताण द्या. जांभई आली तर द्या.

उजव्या कुशीवर वळा… थोडा वेळ तसंच. मग डाव्या हाताचा तळवा जमिनीवर दाबून हळूच उठा. मान सगळ्यात शेवटी वर.

तळवे चोळा… डोळ्यांवर ठेवा… आता डोळे उघडा.

ज्यांना गरगरतंय त्यांनी बसूनच राहा, मी जवळ येते. बाकीच्यांनी आधी पाणी प्या, मग चादरीच्या घड्या घाला. उद्या वर्ग सहालाच आहे.