गुरुवारच्या संवादाबद्दल, तुम्हा दोघांसाठी

नमस्कार मेघना, नमस्कार सुहास,

हे पत्र तुम्हा दोघांना एकाच वेळी पाठवते आहे आणि मजकूरही तोच आहे. नावं अकारविल्हे घेतली आहेत, त्यात दुसरा अर्थ नाही. गेल्या आठवड्यात तुमच्याशी वेगवेगळं बोलले तेव्हा दोघांनीही समोरासमोर बसायची तयारी दाखवलीत. महिनाभर एकमेकांशी फक्त मेलवरून बोलणं चालू असताना हे सोपं नव्हतं, याची मला जाणीव आहे.

आपण येत्या गुरुवारी दुपारी तीन ते साडेचार या वेळेत भेटू. जागा तिसऱ्या मजल्यावरची प्रशिक्षणाची खोली. ती दोघांच्याही विभागात येत नाही आणि तिला काचेची भिंत नाही, म्हणून मुद्दाम निवडली. खोलीत आपण तिघंच असू.

बोलण्याचा विषय तुमच्याशी ठरवून असा लिहिला आहे: "मासिक अहवालाचे आकडे कधी आणि कोणत्या स्वरूपात द्यायचे, त्यात बदल झाला तर एकमेकांना कसं कळवायचं, आणि पाच तारखेच्या बैठकीत सगळ्यांसमोर झालेल्या बोलण्याचा दोघांवर काय परिणाम झाला."

माझ्या पहिल्या मसुद्यात "आकड्यांना होणारा उशीर" आणि "अहवालातल्या चुका" असे शब्द होते. "उशीर" वाचताच निकाल आधीच लागल्यासारखा वाटतो, असं सुहास म्हणाला. "चुका" या शब्दाबद्दल मेघनाचंही तेच म्हणणं होतं. दोन्ही शब्द काढले. हे इथे लिहायला तुम्ही दोघांनीही होकार दिलात, म्हणून लिहिते आहे. बाकी वेगवेगळं जे बोललात ते माझ्यापाशीच राहील.

आता ठरलेल्या नियमांविषयी. सुरुवातीला प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतील. कोणी आधी बोलायचं ते चिठ्ठी टाकून ठरवू. एकजण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. काही खटकलं तर समोरच्या कागदावर टिपून ठेवा, तुमची पाळी येणारच आहे. दोघांचं बोलून झालं की समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि "हेच म्हणायचं होतं का?" असं विचारायचं. सांगितलं म्हणजे मान्य केलं असं नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गाठी इथेच सुटतात, त्यामुळे याला भरपूर वेळ देऊ.

समोरच्याच्या स्वभावाबद्दल किंवा हेतूबद्दल नको, घडलेल्या प्रसंगाबद्दल बोलू. "मला डावललं" ऐवजी "त्या मेलमध्ये माझं नाव नव्हतं, आणि मला वाईट वाटलं", अशा तऱ्हेने. "नेहमी" आणि "कधीच" हे शब्द शक्यतो टाळा. माझ्याही तोंडून आले तर मला थांबवा. आवाज चढवायचा नाही, आणि तिथे नसलेल्या सहकाऱ्यांची मतं पुरावा म्हणून आणायची नाहीत. फोन बंद.

दोघांपैकी कोणालाही कधीही, कारण न सांगता, दहा मिनिटांची विश्रांती मागता येईल. गरज पडली तर मी एकेकाशी बाहेर बोलेन. एकाला वेळ दिला तर दुसऱ्यालाही तेवढाच देईन. पुढे जावंसं वाटलं नाही तर बैठक तिथेच थांबवता येईल. ही चौकशी नाही, त्यामुळे थांबवणाऱ्याच्या नावावर कुठेही नोंद होणार नाही.

खोलीतलं बोलणं खोलीतच राहील. माझी टिपणं मी तुमच्यासमोर फाडेन. कोणाच्या सुरक्षिततेला धोका असल्याचं किंवा छळाचं काही पुढे आलं, तर मात्र ते मला गुप्त ठेवता येणार नाही, आणि तसं मी तिथेच स्पष्ट सांगेन. तुमच्या वरिष्ठांना बैठक होणार आहे एवढंच माहीत आहे. शेवटी काही ठरलं तर ते एका पानावर, तुमच्याच शब्दांत लिहू. ते त्यांना दाखवायचं की नाही हे दोघं मिळून ठरवा.

माझं काम बोलणं नीट चालू ठेवण्याचं. कोण बरोबर, हे मी सांगणार नाही आणि तोडगाही सुचवणार नाही. मी एका बाजूला झुकते आहे असं वाटलं तर लगेच बोलून दाखवा.

येताना एकच तयारी करा: पुढच्या अहवालाच्या वेळी समोरच्याने नेमकं काय केलं तर तुमचं काम सोपं होईल, आणि तुम्ही स्वतः काय करू शकता, हे प्रत्येकी दोन ओळींत लिहून आणा. जुने मेल छापून आणायची गरज नाही.

वेळ, जागा, विषयाचं वाक्य किंवा एखादा नियम बदलायचा असेल तर मंगळवारी संध्याकाळपर्यंत फक्त मला कळवा. बदल केला तर दोघांनाही एकदमच कळवेन. सगळं ठीक असेल तर "मान्य" एवढं उत्तर पुरे.

वसुधा